तिसरी रिंग: पेक्टिनेट रेषेच्या वर आणि खाली

मूळव्याधीच्या कोंबांवर पहिल्या दोन रबरी रिंगा बसल्या तेव्हा ते गृहस्थ माझ्याशी बोलत होते. "दुखलं का?" असं विचारलं तर म्हणाले, "नाही, पण संडासला लागल्यासारखं वाटतंय. जरा दडपण आहे." तिसरी रिंग सुटली आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली. पाय आखडले, कपाळावर घाम आला. "डॉक्टर, काढा ते. आत्ता काढा."

तिन्ही रिंगा एकाच उपकरणातून, एकाच हाताने, दहा मिनिटांच्या आत बसवलेल्या होत्या. भूल कुठल्याच रिंगेला दिलेली नव्हती, कारण ती लागत नाही. पहिल्या दोन रिंगांनी त्यांना नुसतं दडपण जाणवलं आणि तिसरीने असह्य वेदना झाली, कारण ती जेमतेम सेंटीमीटरभर खाली बसली होती. गुदनलिका पूर्ण मोजली तरी सुमारे ४ सेंटीमीटर भरते, आणि तिच्या साधारण मध्यावरून जाणाऱ्या एका नागमोडी रेषेवर हे सगळं अवलंबून होतं. हे प्रकरण त्या रेषेचं आहे, आणि थोडं माझ्या चुकीचंही.

आधी रुग्णाबद्दल. वय ४८, बैठं काम, जुनी बद्धकोष्ठता. दीड वर्षापासून शौचाच्या शेवटी लालभडक रक्त पडायचं, कधी थेंब थेंब, कधी धार. जोर केला की काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटायचं आणि उठल्यावर ते आपोआप आत जायचं. दुखणं मात्र कधीच नव्हतं, आणि म्हणूनच त्यांनी दीड वर्ष काढलं. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही, असं त्यांनी धरून चाललं होतं. त्यांना बसवून सांगावं लागलं की न दुखणारं रक्त ही दिलासा देणारी गोष्ट नाही, ती फक्त रक्त कुठून येतंय याची खूण आहे. या वयात रक्त पडत असेल तर मूळव्याध दिसली म्हणून तिच्यावर खापर फोडून थांबायचं नाही. आधी कोलोनोस्कोपी केली, मोठं आतडं स्वच्छ निघालं. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं.

मग प्रॉक्टोस्कोप. ही नळी आत सरकवायची, मधला दांडा काढायचा आणि उजेड टाकून हळूहळू बाहेर घेत जायची. ज्याने हे एकदा लक्ष देऊन पाहिलं आहे त्याला पुस्तकातल्या आकृतीची फारशी गरज उरत नाही. आधी दिसतं ते ओलसर, गडद गुलाबी, जांभळट झाक असलेलं अस्तर. ते मऊ असतं, चमकतं आणि नळीच्या तोंडाशी फुगून येतं. त्याच्या उभ्या घड्या दिसतात, ते गुदस्तंभ. नळी आणखी बाहेर आली की या घड्यांची खालची टोकं छोट्या पडद्यांनी एकमेकांना जोडलेली दिसतात आणि करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी रेषा तयार होते. हीच पेक्टिनेट रेषा. तिच्या खाली रंग एकदम बदलतो: फिकट, गुळगुळीत, मोत्यासारखी झाक असलेलं, ताणून बसवल्यासारखं अस्तर. रंगाचा हा बदल म्हणजे अस्तराचा बदल डोळ्यांनी पाहणं आहे. वर स्तंभाकार पेशींचा एकच थर असतो. तो पातळ असतो, श्लेष्मा सोडतो आणि खालच्या शिरांचं जाळं त्यातून झिरपल्यासारखं दिसतं. खाली सपाट पेशींचे अनेक थर असतात. ती जवळजवळ त्वचाच, फक्त तिला केस नाहीत आणि घामाच्या ग्रंथी नाहीत. आणखी खाली, आतल्या आणि बाहेरच्या स्नायुवलयांमधल्या खाचेपलीकडे गेलं की केस आणि घर्मग्रंथी असलेली खरी त्वचा सुरू होते.

या गृहस्थांना तीन जागी कोंब होते. रुग्णाला पाठीवर झोपवून, पाय वर घेऊन पाहिलं की घड्याळाचे आकडे वापरायची पद्धत आहे. १२ पुढच्या बाजूला, ६ माकडहाडाकडे. त्या हिशेबाने कोंब ३, ७ आणि ११ वर होते, म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे मागे-पुढे एकेक. जोर केल्यावर बाहेर येऊन आपोआप आत जाणारे, म्हणून दुसऱ्या श्रेणीचे. अशा कोंबांना रबर बँड लावणं हा सरळ उपाय. कोंबाच्या मुळाशी, वरच्या अस्तरावर, घट्ट रबरी रिंग बसवायची. तिच्यात अडकलेला भाग रक्ताविना सुकतो आणि साधारण ५ ते १० दिवसांत गळून पडतो. तिथे जो व्रण तयार होतो तो सैल झालेलं अस्तर पुन्हा खालच्या स्नायूला चिकटवून ठेवतो. काही जण एका बैठकीत एकच रिंग बसवतात. मी त्या दिवशी तिन्ही बसवायचं ठरवलं.

जिवंत ऊतीचा गळा आवळला जातोय आणि माणूस गप्पा मारतोय, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला खरं वाटत नाही. कारण गर्भात सापडतं. गुदनलिका एका नळीतून तयार झालेली नाही. वरचा भाग आतड्याच्या शेवटच्या टोकापासून, आतल्या थरापासून येतो. खालचा भाग बाहेरून त्वचेचा खळगा आत शिरून तयार होतो. दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो आणि तो साधारण आठव्या आठवड्यात फुटतो. जिथे तो होता, त्याच्या आसपास पुढे पेक्टिनेट रेषा दिसते. आतड्याने आपल्या रक्तवाहिन्या आणि चेता आपल्याबरोबर आणल्या, त्वचेने आपल्या. सांधा जुळला, पण दोन्ही घरांच्या तारा आणि नळ वेगवेगळेच राहिले.

वरच्या भागाच्या चेता स्वायत्त संस्थेतल्या, ओटीपोटातल्या हायपोगॅस्ट्रिक जाळ्यातून येणाऱ्या. आतड्याच्या या चेतांना कापणं, भाजणं, चिमटणं कळत नाही. त्यांना ताण कळतो. म्हणून त्या गृहस्थांचं "संडासला लागल्यासारखं वाटतंय" हे वाक्य अगदी नेमकं होतं. रिंगेने अस्तर ओढलं गेलं, आतड्याने आपल्याला येणारी एकच गोष्ट कळवली: आत काहीतरी भरलं आहे. रेषेच्या खाली मात्र प्युडेंडल चेतेची शाखा आहे, इन्फिरियर रेक्टल चेता. त्रिकास्थीतल्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून निघणारी ही चेता बोटाच्या टोकावरच्या चेतांसारखीच शारीरिक जातीची. तिला टोचणं, जळणं, थंड, गरम सगळं कळतं, आणि कुठे होतंय तेही बोट ठेवून सांगता येतं. बाहेरच्या गुदद्वार-स्नायूला हुकूम देणारीही तीच. म्हणूनच खाली काही झालं की तो स्नायू आवळून बसतो आणि दुखण्यात भर घालतो.

मग माझं काय चुकलं? रेषा मला माहीत होती, दिसतही होती. ११ वरचा कोंब बाकीच्या दोघांपेक्षा मोठा आणि सैल होता. असा कोंब खाली घसरताना आपल्याबरोबर रेषाही खाली ओढतो, आणि प्रॉक्टोस्कोपच्या तोंडाशी फुगून आला की वरचा कुठला भाग आणि खालचा कुठला, याचा अंदाज फसतो. त्यातच नळी अर्धा सेंटीमीटर बाहेर सरकली आणि माझ्या लक्षात आलं नाही. पण खरी चूक याच्या आधीची. पहिल्या दोन वेळेला मी कोंब उपकरणात ओढून घेतला, काही सेकंद थांबलो, "टोचतंय का?" असं विचारलं आणि मगच रिंग सोडली. तिसऱ्या वेळेला थांबलो नाही. दोन व्यवस्थित बसल्या, तिसरीही बसेल असं वाटलं. ते पाच सेकंद थांबलो असतो तर त्यांनीच सांगितलं असतं. इथे रुग्णाची जाणीव हीच सगळ्यात भरवशाची मोजपट्टी आहे. म्हणून मी अशा रुग्णाला गुंगी देत नाही: त्याचं बोलणं हवं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण परीक्षेची उत्तरं लिहिताना ती हरवते. चेतांची सीमा रेषेवर कापल्यासारखी नाही. खालच्या, वेदना कळणाऱ्या चेतांची टोकं रेषेच्या वर सेंटीमीटरभर, कधी थोडी जास्तही, पोचलेली असतात. अस्तरही तिथे एकदम बदलत नाही. रेषेच्या लगेच वर एक संक्रमणाचा पट्टा असतो, त्यात दोन्ही जातींच्या पेशी मिसळलेल्या सापडतात. या पट्ट्याचं रोजचं काम आहे. आतून आलेला थोडासा माल इथे टेकतो आणि तो वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे शरीर ओळखतं. जिथे ही ओळख पटते तिथे रिंग बसवली तर ती कळणारच. म्हणून रिंग रेषेवर नाही, रेषेच्या वर निदान १ ते २ सेंटीमीटरवर बसवायची. माझी तिसरी रिंग रेषेच्या खाली नव्हती. ती या पट्ट्यात होती, आणि तिने खालच्या अस्तराची एक चिमूट आत ओढली होती. तेवढं पुरलं.

दुखण्याची वेळ फार बोलकी असते. रिंग सुटताक्षणी तीक्ष्ण वेदना झाली तर रिंग खाली आहे. गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, रिंग काढायची. काही तासांनी बोथट, जड दुखणं सुरू झालं आणि एक-दोन दिवसांत ओसरलं, तर ते नेहमीचं. पण दोन-तीन दिवसांनी दुखणं वाढत जातंय, ताप आहे, लघवी अडकते आहे, असं असेल तर ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरतोय असं धरून तातडीने दाखल करावं लागतं. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं. प्रत्येक रुग्णाला घरी जाताना मी हे तीन शब्द सांगतो: दुखणं, ताप, लघवी.

त्यांची रिंग काढायला पुन्हा प्रॉक्टोस्कोप घालणं भाग होतं, आणि तोवर स्नायू इतका आवळला होता की नळी आत जाईना. आधी जेली लावली, थांबलो, मग रिंगेच्या मुळाशी बारीक सुईने जागा बधिर करणारं लिग्नोकेन टोचलं. दोन-तीन मिनिटांनी त्यांचे पाय सैल झाले. टोकदार कात्रीने रबर कापलं. पांढरा पडलेला तो भाग पाहता पाहता पुन्हा जांभळा झाला. त्याच्या खालच्या कडेला फिकट त्वचेची एक बारीक पट्टी दिसत होती, जिने हे सगळं घडवलं. मी त्यांना सांगितलं की रिंग खाली बसली होती, चूक माझी होती आणि ११ वरचा कोंब आज तसाच ठेवतोय. ते म्हणाले, "पहिल्या दोन ठीक होत्या ना?" ठीक होत्या. आठव्या दिवशी शौचात थोडं रक्त पडलं, म्हणजे सुकलेला भाग गळून पडला. त्याची कल्पना त्यांना आधीच दिलेली होती, त्यामुळे घाबरले नाहीत.

आता रक्ताविषयी, कारण लालभडक रंगाचा खुलासा राहिला आहे. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या शिरा, असं सरसकट सांगतात. शिरांतलं रक्त गडद असायला हवं, मग हे लालभडक का? कोंब म्हणजे मुळात प्रत्येकाच्याच गुदनलिकेत असणाऱ्या मऊ उशा आहेत. त्या गुदद्वार नीट बंद व्हायला मदत करतात. त्यांच्यात बारीक धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून त्यातून सांडणारं रक्त धमनीच्या रंगाचं असतं. धमनी वरून येते: सुपीरियर रेक्टल, आतड्याच्या इन्फिरियर मेसेंटेरिक धमनीचं शेवटचं टोक. परत जाणारं रक्तही त्याच वाटेने वर, पोर्टल शिरेत, म्हणजे यकृताकडे जातं. खालच्या भागाचा मार्ग निराळा. तिथे धमनी इंटर्नल प्युडेंडल धमनीपासून येते, इन्फिरियर रेक्टल, आणि शिरा इंटर्नल इलियाक शिरेतून थेट महाशिरेकडे जातात, यकृताला वळसा घालून.

हे दोन मार्ग रेषेपाशी एकमेकांना जोडलेले आहेत, आणि त्यातून एक जुना गैरसमज तयार झाला आहे की यकृत बिघडलं की मूळव्याध होते. यकृताच्या आजारात पोर्टल शिरेतला दाब वाढला तर रक्त या जोडण्यांमधून खाली उतरू लागतं खरं, पण त्यातून फुगतात त्या शिरा निराळ्या दिसतात. त्या सापासारख्या वळलेल्या, निळसर असतात आणि गुदाशयातून निघून रेषा ओलांडून खालपर्यंत आलेल्या असतात. कोंब ३, ७, ११ वर उशीसारखे बसलेले असतात, ते रेषा ओलांडणारी शीर नसतात. हा फरक नुसता पुस्तकी नाही. त्या शिरेवर चुकून रिंग बसवली तर गळून पडताना होणारा रक्तस्राव थांबवणं कठीण. म्हणून या गृहस्थांचं पोट तपासताना मी यकृत, प्लीहा आणि पोटात पाणी आहे का, हे पाहिलं होतं. काही सापडलं नाही.

पाच आठवड्यांनी ते पुन्हा आले, या वेळी खुर्चीवर एका बाजूला टेकून बसलेले. आदल्या दिवशी खडा शौच झाला, खूप जोर करावा लागला, आणि रात्री दारापाशी गाठ आली. "तुमची रिंग सुटली, कोंब परत आला," असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पाहिलं तर दाराच्या कडेला, त्वचेखाली, द्राक्षाएवढी निळसर टणक गाठ. रक्त नाही, आत ढकलली जात नाही, आणि जराशी शिवली तरी दचकतात. कुठे दुखतंय विचारल्यावर त्यांनी एका बोटाने नेमकी जागा दाखवली. दीड वर्ष रक्त पडूनही ज्यांना जागा सांगता आली नव्हती, तेच आता बोट ठेवून सांगत होते. हा कोंब नव्हता. रेषेखालच्या शिरांच्या जाळ्यात रक्त गोठून झालेली ही गाठ होती, आणि तिच्यावर अस्तर होतं त्वचेचं.

अशा गाठीला रिंग लावायचा विचारही करायचा नाही, आणि ती आत ढकलायची नाही. पहिल्या ७२ तासांत आले आणि दुखणं तीव्र असेल तर काढलेली बरी. त्यानंतर आले तर बहुतेक वेळा दुखणं ओसरू लागलेलं असतं आणि गाठ काही आठवड्यांत आपोआप जिरते. ते ३० तासांच्या आत आले होते. भुलेशिवाय हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. सगळ्यात जास्त दुखलं ते लिग्नोकेनचं इंजेक्शनच. मग गाठीवरची त्वचा लांबट आकारात कापून काळपट गुठळी सबंध काढली. जखम शिवली नाही, उघडी ठेवली, म्हणजे खाली पुन्हा रक्त साठत नाही. नुसती चीर देऊन गुठळी पिळून काढली तर त्वचेची कड लवकर चिकटते आणि गाठ परत भरते, असा माझा अनुभव आहे. टेबलावरून उतरताना ते सरळ बसले.

त्याच वेळी मी त्यांच्या जांघेतल्या गाठी चाचपल्या. त्यांनी विचारलं, इथे कशाला? रेषेच्या खालचं लसिकाद्रव्य जांघेतल्या वरवरच्या गाठींकडे जातं, वरचं ओटीपोटाच्या आतल्या गाठींकडे, जिथे बोट पोचत नाही. दाराशी न भरणारी जखम किंवा घट्ट गाठ असेल आणि जांघेत टणक गाठ लागली, तर खालच्या सपाट पेशींचा कर्करोग आधी मनात आणावा लागतो. वरच्या स्तंभाकार पेशींपासून होतो तो निराळ्या जातीचा, आतड्याच्या कर्करोगासारखा. यांच्या जांघेत काही नव्हतं.

११ वरच्या कोंबाला दोन महिन्यांनी पुन्हा रिंग लावली. या वेळी दाते मोजून, नळी हाताने धरून, कोंब ओढून घेऊन पाच सेकंद थांबलो. "टोचतंय?" "नाही. संडासला लागल्यासारखं." मग रिंग सोडली.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी. रक्त बंद होतं. ३, ७ आणि ११ वर, रेषेच्या बरंच वर, अस्तर आक्रसलेले तीन पांढुरके व्रण दिसत होते. खाली, गाठ काढलेल्या जागी, त्वचेचा लहानसा पदर राहिला होता, तो कुणाला त्रास देत नव्हता. जाता जाता कापसाची काडी घेऊन मी वरच्या एका व्रणाला हलकेच शिवलो आणि विचारलं, "काही लागतंय?" त्यांना काहीच कळलं नाही. तीच काडी दोन सेंटीमीटर खाली आणून त्याच हलक्या हाताने टेकवली. "हं, इथे," ते म्हणाले. "इथे लागली."